डेमो झाला, आता विभागप्रमुखांना काय लिहायचं?

जून-जुलैत महाविद्यालयांच्या जाहिराती येतात, उमेदवार फायली घेऊन फिरतात आणि मुलाखतीच्या दिवशी त्यांना दहा-पंधरा मिनिटांचं डेमो लेक्चर द्यावं लागतं. कधी समोर खरे विद्यार्थी बसवलेले असतात, कधी प्राचार्य आणि विभागप्रमुख स्वतःच विद्यार्थी होऊन बसतात. शेवटी एकच शब्द कानावर पडतो, ‘कळवतो’. त्या संध्याकाळी विभागप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सात-आठ निरोप येऊन पडतात. संधी दिल्याबद्दल आभार, खाली जोडलेले हात, कुणी आपला बायोडेटा पुन्हा पाठवलेला. मी बरीच वर्षं अर्थशास्त्र विभाग सांभाळला. असे निरोप मी वाचत असे, ‘धन्यवाद’ म्हणत असे आणि दुसऱ्या दिवशी कोणता निरोप कुणाचा होता हे मला सांगता आलं नसतं. त्यांत वाईट काही नसे. पण माझ्या कामाचंही काही नसे.

डेमोनंतर लिहिलेलं पत्र उपयोगी पडू शकतं. मात्र ते सगळीकडे पडत नाही, आणि कुठे पडत नाही हे आधी कळलेलं बरं.

कायमस्वरूपी सहायक प्राध्यापकाची निवड विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार होते. महाविद्यालयातल्या निवड समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंनी नेमलेले प्रतिनिधी आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. वर्गात शिकवायला लावून उमेदवाराची पारख करण्याची मुभा याच नियमावलीनं दिलेली आहे. पण त्याच नियमावलीत असंही आहे, की निवडीचं सगळं काम समितीच्या बैठकीच्या दिवशीच, किंवा बैठक अनेक दिवस चालली तर शेवटच्या दिवशी, पूर्ण करायचं. गुणांचे तक्ते, इतिवृत्त, शिफारस आणि सगळ्या सदस्यांच्या सह्या, सारं तिथेच होतं. म्हणजे उमेदवार एसटीत बसून पत्राचा मजकूर जुळवत असतो, तोवर कागद बंद झालेला असतो. विभागप्रमुख त्या समितीतला एक सदस्य. त्यांनी पत्र वाचून मत बदललं तरी गुण बदलत नाहीत. शिवाय अनेक जाहिरातींत तळाशी एक ओळ असते, की कोणत्याही मार्गानं दबाव किंवा शिफारस आणल्यास उमेदवार अपात्र ठरेल. साधं आभाराचं पत्र म्हणजे दबाव नव्हे, पण ‘माझा विचार व्हावा’ हे वाक्य त्यात आलं की ते त्या ओळीच्या फार जवळ जातं. अशा निवडीनंतर विभागप्रमुखांना काहीही लिहू नये. कागदपत्रांबद्दल शंका असेल तर ती महाविद्यालयाच्या कार्यालयाला विचारावी.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या जागा, विनाअनुदानित तुकड्यांवरच्या जागा, कुणी प्रसूती रजेवर गेल्यावर निघणाऱ्या हंगामी जागा यांची गोष्ट वेगळी आहे. तिथेही मुलाखत असते, नोंदी असतात, विद्यापीठाची मान्यता घ्यावी लागते. पण डेमो आणि पहिला तास यांच्या मधल्या काळात बऱ्याच गोष्टी हलत असतात. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार दुसरीकडे रुजू होतो. प्रवेश वाढतात किंवा घटतात आणि त्याबरोबर तासही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आल्यावर तर मुख्य विषयाच्या पेपरांखेरीज दुसऱ्या शाखांच्या मुलांसाठीचे खुले ऐच्छिक पेपर, कौशल्याचे पेपर अशी वेळापत्रकाची नवी कोडी विभागापुढे आली आहेत. ती सोडवत बसतात विभागप्रमुख. प्राचार्य त्यांना विचारतात, ‘मॅडम, तिसऱ्या सत्राच्या त्या पेपरचं काय करताय?’ त्या क्षणी त्यांच्या हाताशी जो कागद असेल, त्याला किंमत येते. पत्र लिहायचं ते या क्षणासाठी.

एक उदाहरण घेऊ. ते मी बेतलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील मी कुठे ना कुठे पाहिलेला आहे. अर्थशास्त्रात एम. ए. आणि सेट झालेली एक मुलगी. सकाळी एका महाविद्यालयात काही तास घेते आणि दुपारसाठी दुसरीकडे मुलाखतीला आलेली आहे. डेमोचा विषय ‘मागणीची लवचिकता’. तिनं फळ्यावर सरळ उतरता मागणी वक्र काढला, किंमत वाढली की मागणी किती टक्क्यांनी घटते ते सांगितलं, मीठ आणि सोनं ही ठरलेली उदाहरणं दिली. बरं चाललं होतं. मग विभागप्रमुखांनी मागच्या बाकावरून विचारलं, ‘रेषा सरळ आहे, म्हणजे उतार सगळीकडे सारखाच. मग लवचिकता सगळीकडे सारखी का नाही?’ ती म्हणाली, उतार वेगळा आणि लवचिकता वेगळी. हे बरोबर होतं. पण का वेगळी, हे सांगताना ती सूत्रात अडकली, खडू हातात राहिला आणि वेळ संपल्याची खूण झाली.

हा प्रश्न विभागप्रमुखांनी तिला पाडायला विचारलेला नव्हता. पहिल्या वर्षाला हा घटक शिकवताना दरवर्षी एखादं पोर हेच विचारतं आणि नवा शिक्षक तिथे ‘ते पुढे येईल’ म्हणून वेळ मारून नेतो. विभागप्रमुखांना उत्तर माहीत आहे. त्यांना पाहायचंय की ही मुलगी ते पोराला कळेल असं सांगू शकते का. म्हणून तिच्या पत्रात सर्वांत मोलाची जागा या उत्तराची आहे, आभारांची नव्हे.

तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावं असं पत्र मी खाली देतो.

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अर्थशास्त्र विभाग

विषय : सोमवारच्या डेमो लेक्चरमधील अपुरे राहिलेले उत्तर आणि माझी उपलब्धता

महोदया,

सोमवारी ‘मागणीची लवचिकता’ या घटकावर डेमो लेक्चर घेण्याची संधी दिल्याबद्दल आभार. सरळ रेषेवर उतार सारखा असूनही लवचिकता का बदलते, या आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून अपुरे राहिले. वर्गात मी ते असे सांगेन :

मिसळीच्या एका गाडीवर दर रुपयाच्या वाढीला एक प्लेट कमी खपते. वीस रुपयांना ८० प्लेट, पन्नासला ५० आणि ऐंशीला २०. आता किंमत एक रुपयाने वाढवू. वीसवर एक रुपया म्हणजे ५ टक्के वाढ. ८० प्लेटमधली एक गेली म्हणजे १.२५ टक्के घट. लवचिकता ०.२५. ऐंशीवर तोच एक रुपया म्हणजे १.२५ टक्के वाढ आणि वीसमधली एक प्लेट गेली म्हणजे ५ टक्के घट. लवचिकता ४. पन्नासवर दोन्हीकडे २ टक्के, म्हणून १. रुपया तोच, प्लेट तीच. बदलतो तो त्यांचा आधार. गल्ला पाहिला तर वीसला १६०० रुपये, पन्नासला २५०० आणि ऐंशीला पुन्हा १६००.

आपण सांगितलेल्या पेपरांपैकी सूक्ष्म अर्थशास्त्र आणि वाणिज्य शाखेसाठीचा खुला ऐच्छिक पेपर मी लगेच घेऊ शकते. संख्याशास्त्राच्या पेपरसाठी मला तयारीला तीन आठवडे लागतील. सध्या मी दुसऱ्या महाविद्यालयात सोमवार ते गुरुवार सकाळी ११ पर्यंत शिकवते. त्यामुळे या चार दिवशी दुपारी १२ नंतर आणि शुक्रवार-शनिवारी पूर्ण वेळ येऊ शकेन.

मागितल्याप्रमाणे सेट प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
(नाव, मोबाइल क्रमांक)

पत्र एवढंच. मोबाइलवर एक-दोनदा सरकवलं की संपतं.

यातलं मिसळीचं उत्तर लांब वाटेल, पण नीट पाहा. पाठ्यपुस्तकात या प्रश्नाला एक तयार नियम असतो, रेषेवरच्या बिंदूच्या खालचा भाग भागिले वरचा भाग. तो लावला तरी वीस रुपयांना ०.२५ हेच येतं. पत्रात फक्त तो नियम लिहिला असता तर विभागप्रमुखांना एवढंच कळलं असतं, की हिनं घरी जाऊन पुस्तक उघडलं. नियम उत्तर देतो, कारण देत नाही. एक रुपया वीसवर मोठा आणि ऐंशीवर लहान, हे कारण आहे आणि पहिल्या वर्षाच्या पोराला ते गणिताशिवाय पटतं. वाचणाऱ्याच्या मनात लगेच चित्र उभं राहतं, की ही मुलगी आमच्या वर्गात असं बोलेल. डेमोत जे दिसायला हवं होतं आणि वेळेअभावी राहून गेलं, ते पत्रातून दिसलं.

त्यातही मर्यादा आहेत. उत्तर याहून लांबलं तर विभागप्रमुख ते वाचणार नाहीत. पीपीटीच्या बावीस स्लाइड जोडल्या तर नक्कीच नाही. कुणी काही विचारलंच नव्हतं आणि उत्तर नीट झालं होतं, तर ओढूनताणून नवं काही पाठवू नये. फळ्यावर खरी चूक झाली असेल, म्हणजे किंमत आडव्या अक्षावर आणि नग उभ्यावर असं काही, आणि समोर विद्यार्थी बसलेले असतील, तर मात्र एका वाक्यात सांगावं. ती आकृती पोरांनी वहीत उतरवून घेतलेली असते. पण ‘मी फार घाबरले होते, एरवी मी चांगलं शिकवते’ हे लिहू नये. वाचणाऱ्याला त्यातून फक्त घाबरणं लक्षात राहतं.

आता वेळेचा परिच्छेद. माझ्या मते बहुतेक उमेदवार इथेच हुकतात. मुलाखतीत विचारलं की सगळे म्हणतात, ‘कधीही येईन सर, कोणताही पेपर घेईन.’ विभागप्रमुखाला हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण ते खरं नसतं हे त्याला ठाऊक असतं. तासिका तत्त्वावरचे कितीतरी शिक्षक दोन-दोन महाविद्यालयं करतात, मधल्या वेळेत दुचाकीवरून गाव ओलांडतात. वेळापत्रक लागल्यावर ऑगस्टमध्ये कळतं, की बुधवारी सकाळी साडेदहाला हे सर येऊच शकत नाहीत. मग पूर्ण विभागाचे तास हलवावे लागतात. कायम सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. ते नीट बसवल्यावर ज्या फटी उरतात त्यांत बाहेरच्या शिक्षकाचे तास घालायचे असतात. म्हणून ‘सोमवार ते गुरुवार बारानंतर’ या चार शब्दांना एका पानाच्या स्तुतीपेक्षा जास्त वजन आहे. दुसरीकडची नोकरी लपवली तर ती कधीतरी बाहेर येतेच. मान्यतेच्या कागदांत तर येतेच येते.

संख्याशास्त्राला तीन आठवडे लागतील, हेही तसंच. ‘येत नाही’ असं ती म्हणत नाही आणि ‘सगळं येतं’ असंही नाही. विभागप्रमुखाला यातून कळतं की तो पेपर सत्राच्या सुरुवातीला हिला द्यायचा नाही, पण कुणी आजारी पडलं तर ही उभी राहू शकेल. मी स्वतः असं वाक्य वाचून एकाला दुसऱ्या सत्रात पेपर दिलेला आहे.

पत्र कुठे पाठवायचं? विभागाचा किंवा महाविद्यालयाचा अधिकृत ई-मेल असेल तर तिथे, आणि प्राचार्यांना त्याची प्रत. विभागप्रमुखांच्या खासगी नंबरवर मोठा मजकूर टाकणं टाळावं. तिथे तो मुलांच्या रजेच्या निरोपांत आणि नातेवाइकांच्या सुप्रभातांत हरवतो. शिवाय अधिकृत पत्त्यावरचं पत्र फायलीत लागतं, प्राचार्यांपुढे ठेवता येतं. फार तर ‘मॅडम, आपल्या प्रश्नाचं उत्तर ई-मेलनं पाठवलं आहे’ एवढी एक ओळ मोबाइलवर टाकावी. डेमोच्या दुसऱ्या दिवशी पाठवलेलं उत्तम, तिसऱ्या दिवशीही चालेल. आठवड्यानंतर मिसळीचं उदाहरण पोचलं तर विभागप्रमुखांना आपण काय विचारलं होतं तेच आठवत नसतं.

काही गोष्टी पत्रात आल्या की विभागप्रमुख अडचणीत येतात. संस्थेतल्या अमुक साहेबांशी आमचे घरचे संबंध आहेत, असं कुणी लिहितं. ओळख खरी असली तरी पत्र वाचणाऱ्याला ते दडपण वाटतं, आणि त्यानं निवड केली तरी ती ओळखीमुळे केली असं उद्या म्हटलं जाईल. इतर उमेदवारांशी तुलना करू नये. तुमच्यानंतर डेमो दिलेला मुलगा कसा शिकवत होता हे तुम्ही खिडकीतून ऐकलं असलं तरी. ‘मला किती गुण मिळाले’ हेही विचारू नये, कारण समितीतलं बोलणं एका सदस्यानं परस्पर बाहेर सांगणं योग्य नसतं. सूचना हव्या असतील तर प्रश्न नेमका असावा. ‘काही सुधारणा असल्यास कळवावे’ याला उत्तर येत नाही. ‘मी मराठी आणि इंग्रजी मिसळून बोलले, तुमच्या वर्गाला तो वेग झेपला असता का?’ याला एखादी मॅडम दोन ओळी नक्की लिहील, कारण हा प्रश्न तिच्या मुलांबद्दल आहे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांना हे सगळं थोडं वेगळं दिसेल. तिथे उमेदवार दिवसभर, कधी दोन दिवस विभागात असतो, डेमोबरोबर संशोधनावरचं व्याख्यान देतो, जेवायलाही विभागातल्या लोकांबरोबर जातो, आणि नंतर आभाराचा ई-मेल पाठवणं हा सर्वमान्य शिष्टाचार आहे. तिथेही राहिलेल्या उत्तराचं पत्र पाठवायला हरकत नाही. पण तिकडचे लांबलचक नमुने इथे उतरवून पाठवले की ते परके वाटतात. आपल्याकडचा विभागप्रमुख विषयाची ओळ वाचतो, सहीखालचा नंबर पाहतो आणि मधलं कामाचं असेल तर थांबतो.

उत्तर आलं नाही तर? त्यांनी ‘आठवड्यात कळवू’ म्हटलं असेल तर आठवडा जाऊ द्यावा आणि मग कार्यालयात एकदा फोन करावा, विभागप्रमुखांना नव्हे. कार्यालयातल्या लिपिकाला यादी लागली की नाही हे नेमकं माहीत असतं. विभागप्रमुखांना विचारलं तर ते सांगू शकत नाहीत आणि न सांगितल्याचं त्यांनाही बरं वाटत नाही. रोज ‘काही कळलं का सर’ असं विचारणारा उमेदवार मला आठवतो. माणूस चांगला होता, पण त्याचा नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवत असे.

निवड झाली नाही तरी आणखी एक छोटं पत्र पाठवावं. बहुतेक जण इथे गप्प बसतात आणि त्यांची एक संधी जाते. तासिका तत्त्वावरची माणसं वर्षभर टिकतातच असं नाही. कुणाला सप्टेंबरमध्ये जास्त तास दुसरीकडे मिळतात, कुणी पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीवर जातं, कुणाचं लग्न ठरून गाव बदलतं. दुसरं सत्र सुरू व्हायच्या तोंडावर विभागप्रमुख पुन्हा माणूस शोधू लागतात. नवी जाहिरात आणि मुलाखत लागली, तरी आपल्या ओळखीच्या, डेमो पाहिलेल्या उमेदवाराला ‘अर्ज करा’ असा फोन करता येतो. त्यासाठी त्यांच्याकडे तुमचा कागद आणि आजचा वेळ हवा, जूनमधला नव्हे. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस तीन ओळी पाठवाव्यात : जूनमध्ये अमुक घटकावर डेमो दिला होता, दुसऱ्या सत्रात या दिवशी या वेळी मी मोकळी आहे, आणि संख्याशास्त्राची तयारी आता झालेली आहे. मिसळीचं उदाहरण पुन्हा लिहायची गरज नाही. विभागात कुणीतरी ते एव्हाना वर्गात वापरलेलं असतं.